पाऊणपट यीस्ट

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवसांत बेकरीत तीनशे साठ गोड बन बिघडले आणि तिन्ही दिवस सगळ्यांची बोटं एकाच बाजूला वळली, काकूंच्या टेबलाकडे.

काकू म्हणजे बेकरीच्या मालकिणीची धाकटी जाऊ. वय छप्पन्न, उंची बेताची, जीभ मात्र बेताची नाही. लग्न होऊन या घरात आल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी गोड कणकेचं टेबल हातात घेतलं, ते एकोणतीस वर्षं सोडलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा तेवढेच बारा दिवस टेबल रिकामं राहिलं. तेराव्या दिवशी पदर खोचून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. लोक म्हणाले, बाईला काही वाटतं की नाही! वाटत होतं म्हणूनच त्या उभ्या होत्या, पण हे लोकांना सांगत बसायला त्यांना वेळ नव्हता. एकशेवीस बन वळायचे होते.

बेकरी चालवायचा आता पुतण्या, म्हणजे थोरल्या जाऊबाईंचा एकुलता एक. तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि येताना डोक्यात सगळं ग्रॅममध्ये भरून घेऊन आला होता. भट्टीवाला त्याला पाठीमागे 'ग्रॅमसाहेब' म्हणायचा. पोरगा वाईट नव्हता. फक्त आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं, आणि त्याच्या आईला तर त्याहून जास्त वाटायचं.

त्या सोमवारी ग्रॅमसाहेबांनी दोन गोष्टी आणल्या. एक, नवं यीस्ट. दोन, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक तक्ता. तो त्याने काकूंच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"जुनं दाणेदार यीस्ट बंद. आता हे इन्स्टंट. हे भिजवायचं नाही, फेस येईपर्यंत थांबायचं नाही. सरळ मैद्यात घालायचं. आणि जुन्याच्या पाऊणपट घ्यायचं. काकू, तू ऐंशी ग्रॅम घेतेस ना? आता साठ."

"आणि ती दहा मिनिटं?" काकूंनी विचारलं.

"ती वाचली की!"

दहा मिनिटं वाचली म्हणजे काय, हे काकूंना कळेना. एकोणतीस वर्षं त्यांचा दिवस त्या दहा मिनिटांनीच सुरू व्हायचा. भांड्यात पाणी, मनगटाला सुखाचं लागेल एवढंच गरम, कारण चटका बसला तर यीस्ट मरतं आणि गार राहिलं तर जागं होत नाही. त्यात चिमूटभर साखर, वर दाणेदार यीस्ट. दहा मिनिटांनी फेसाची टोपी चढायची. मग तो फेस दूध आणि थोड्या मैद्यात कालवून अर्धा तास झाकून ठेवायचा. ते आंबवण बुडबुडलं की मग उरलेला मैदा, साखर आणि सगळ्यात शेवटी लोणी. जुन्या यीस्टच्या दाण्यांवर मेलेल्या यीस्टचं कवच असतं, ते पाण्यात विरघळल्याशिवाय आतलं जिवंत यीस्ट बाहेर येत नाही, असं पुतण्याने समजावलं. नव्याचे दाणे बारीक, त्यात जिवंत माल जास्त. म्हणून कमी घ्यायचं, म्हणून भिजवायला नको. यात खोटं काहीच नव्हतं. तेच तर पुढे नडलं.

कारण साध्या पावाच्या टेबलावर तक्ता झकास चालला. पाव कापसासारखा फुलला. भट्टीवाल्यानेही मान डोलावली, आणि तो माणूस पगारवाढीलासुद्धा मान डोलवत नसे.

काकूंचे बन मात्र बसले. चार किलो मैदा, बरोबर साठ ग्रॅम यीस्ट, आठशे ग्रॅम साखर, सहाशे ग्रॅम लोणी, दोन लिटर दूध, अंडी, मीठ, सगळं तक्त्याप्रमाणे एकदम मळलं. दीड तासाने झाकण काढलं तर कणीक ठेवली तशीच. वाट बघून शेवटी भाजले. बन कसले, पेपरवेट!

मंगळवारी ग्रॅमसाहेबांनी डोकं लढवलं. "यीस्ट साखर खातं. उपाशी राहिलं असेल. साखर वाढव, किलोभर कर." काकूंनी वाढवली. कणीक सोमवारपेक्षाही ढिम्म. बुधवारी तो म्हणाला, ऊब कमी पडते आहे, परात भट्टीला चिकटवून ठेव. ठेवली. लोणी वितळून कडेने बाहेर आलं आणि कणीक त्यात तुपकट होऊन बसून राहिली.

बुधवारी दुपारी जाऊबाई गल्ल्यावरून उठून आत आल्या. त्यांनी एक बन उचलला, टेबलावर आपटला, त्याचा आवाज ऐकला.

"पाव फुलतोय," त्या म्हणाल्या. "तेच यीस्ट, तोच मैदा, तीच भट्टी. मग राहिलं काय? हातच ना! अगं, वय झालं की हात गार पडतात, त्यात लाजायचं काय?"

"माझे हात गार?" काकू म्हणाल्या. "जाऊबाई, या हातांचा गालावर अनुभव घ्यायचाय का?"

भट्टीवाल्याने तोंड भट्टीत खुपसलं. पण पुतण्या हसला नाही. त्याने आधीच ठरवलं होतं. शहराबाहेरच्या एका कारखान्यातून गोठवलेले तयार गोळे मिळत होते. नुसते बाहेर काढायचे, फुगू द्यायचे, भाजायचे. येत्या सोमवारपासून ते येणार.

"काकू, तुझं टेबल आपण काढू. तिथे मोठा फ्रीजर बसेल. तू निवांत खुर्चीत बसून पाकिटांना लेबलं लाव. किती वर्षं उभी राहणार?"

काकूंना आधी राग आला आणि रागाच्या खालून भीती वर आली. घरात त्यांची खोली होती, ताटात जेवण होतं, कुणी काही कमी करत नव्हतं. पण ती सगळी जाऊबाईंच्या घरातली. स्वतःचं म्हणावं असं सहा फूट बाय तीन फूट हेच एक टेबल. ते गेलं की त्या या घरात नुसत्या मावणार होत्या, असणार नव्हत्या.

"मी लेबलं लावणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि टेबल हलणार नाही."

"मग बन फुलव," जाऊबाई म्हणाल्या. "शुक्रवारी वसतिगृहाच्या बाई येतायत एकशेवीस बन न्यायला. दोनदा त्यांना परत पाठवलंय. तिसऱ्यांदा पाठवलं तर त्या तोंड दाखवायच्या नाहीत."

गुरुवारी सकाळी काकू सगळ्यांच्या आधी बेकरीत आल्या त्या मनाशी एक ठरवून. यीस्ट खोटं आहे. मेलेलं आहे. पोराला कुणीतरी फसवलंय. सगळे जमल्यावर त्यांनी ग्लासात गरम पाणी घेतलं, चिमूटभर साखर घातली, वर नवं यीस्ट टाकलं आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बघा आता. हातच्या कंकणाला आरसा कशाला!"

दहा मिनिटं. सातव्याच मिनिटाला ग्लासात फेस चढायला लागला. दहाव्याला तो काठावरून उतू गेला आणि टेबलावर सांडला. यीस्ट जिवंत होतं, नुसतं जिवंत नाही, चांगलं धडधाकट होतं.

मग जाऊबाई बोलल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

काकूंचे कान तापले. त्यांनी फडकं घेतलं आणि सांडलेला फेस पुसायला लागल्या, कारण वर बघायची सोय नव्हती. सगळे आपापल्या कामाला गेले. काकू सांडलेलं पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

पण चिडलेल्या माणसाचं डोकं कधीकधी शांत माणसापेक्षा बरं चालतं. ग्लासात फुलतंय. पावात फुलतंय. माझ्याच कणकेत फुलत नाही. मग माझ्या कणकेत असं काय आहे, जे ग्लासात नाही? हात? हात तर पावालाही लागतात. लोणी? जुन्या यीस्टला लोणी चालत होतं की. साखर? साखरही चालत होती. थांब. चालत होती, पण ती त्याला भेटायची कधी? आधी दहा मिनिटं पाण्यात, मग अर्धा तास मैदा-दुधात. यीस्ट जागं होऊन, खाऊनपिऊन, चार पिल्लं काढून बसायचं, तेव्हा कुठे साखर समोर यायची. आता बिचारं डोळे चोळत उठतंय तेच साखरेच्या ढिगाऱ्यात.

आणि साखर काय करते ते सांगायला काकूंना कोर्स नको होता. संत्र्याच्या फोडींवर साखर भुरभुरली की थोड्या वेळात ताटलीत पाणी सुटतं. साखर पाणी ओढते. फोडीतलं ओढते, तर यीस्टमधलं नाही ओढणार?

त्यांनी ग्रॅमसाहेबांचाच वजनकाटा पुढ्यात घेतला. दोन लिटर दुधाला आठशे ग्रॅम साखर, म्हणजे शंभर मिलिलिटरला चाळीस. साठ ग्रॅम यीस्ट, म्हणजे शंभराला तीन. दोन ग्लास. दोन्हींत शंभर मिलिलिटर सारखंच गरम पाणी, दोन्हींत तीन ग्रॅम यीस्ट. एकात चिमूट साखर, एकात पुरी चाळीस ग्रॅम. दहा मिनिटांनी पहिला उतू गेला. दुसऱ्यात चार बुडबुडे, तेही लाजत लाजत.

काकू एकट्याच होत्या, तरी मोठ्याने म्हणाल्या, "आता कुणाचे हात गार?"

दुपारी त्यांनी पुतण्याला हाताला धरून आणलं आणि सगळं पुन्हा करून दाखवलं. त्याने दोन्ही ग्लास उचलून उजेडात धरले. त्याच्या चेहऱ्यावर शंका आली होती, पण आई मागे उभी होती.

"ग्लासात बन भाजतात का?" जाऊबाईंनी विचारलं.

"बरोबर," पुतण्या सावरून म्हणाला. "हे पाणी झालं. कणीक वेगळी. तक्ता चुकीचा नाहीये, काकू. पाव बघ."

"तुझा तक्ता पावाचा आहे. पावात साखर असते चमचाभर. तो तू माझ्या टेबलावर चिकटवलास, ती चूक."

"मग उद्या तक्त्याप्रमाणेच कर, पण माझ्या समोर," तो म्हणाला.

"करते. तू वाच, मी घालते. एक ग्रॅम इकडचा तिकडे होणार नाही. पण शेजारच्या परातीत दुसरी कणीक मी माझ्या मनाने करणार. तेच साठ ग्रॅम, तोच मैदा, तीच साखर. आठशेच हं, तुझी वाढीव नाही. आणि बाई आल्या की ज्या परातीतले बन त्यांच्या हातात पडतील, ती परात खरी. माझी फुलली तर टेबल राहील. माझी बसली तर फ्रीजर मी स्वतः ढकलत आणीन."

"आणि लेबलं?" जाऊबाईंनी विचारलं.

"तीही लावीन."

हे बोलून गेल्यावर काकूंना आपण काय पणाला लावलं ते कळलं. ग्लास म्हणजे कणीक नव्हे, हे जाऊबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. नव्या यीस्टचं आंबवण त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द परत बोलावणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेसात. एका बाजूला पुतण्या तक्ता वाचत होता, काकू घालत होत्या. मैदा, यीस्ट, साखर, मीठ, दूध, अंडी, लोणी. भट्टीवाल्याला पंच नेमलं होतं. तो काट्यावरचे आकडे मोठ्याने सांगत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कामाची मजा येत होती. पहिली कणीक मळून झाकली.

मग दुसरी. काकूंनी दीड किलो मैद्यात साठ ग्रॅम यीस्ट कोरडंच मिसळलं.

"भिजवत नाहीस?" पुतण्याने विचारलं. "तुझी दहा मिनिटं?"

"नाही लागत ती. त्यात तुझंच खरं होतं," काकू म्हणाल्या, आणि हे म्हणणं त्यांना यीस्टला साखरेचा ढिगारा जातो तितकंच जड गेलं. "कवच नाही, तर विरघळवायचं काय? त्याला फेस नको, पण सुरुवात हवी. ती तू काढून टाकलीस."

वर कोमट दूध, जेमतेम सरबरीत होईल एवढं. साखर फक्त दोन चमचे. कालवून झाकलं. चाळीस मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा ते आंबवण जाळीदार होऊन दुप्पट चढलं होतं आणि मधे किंचित खचायला लागलं होतं. भट्टीवाला वाकून म्हणाला, "आहा." मग उरलेला मैदा, उरलेलं दूध, अंडी, मीठ. साखर एकदम नाही, दोन हप्त्यांत, पहिली मुरल्यावर दुसरी. लोणी शेवटी. काकूंनी मळायला घेतलं. कणीक आधी चिकटली, मग ऐकायला लागली, मग परात सोडून हाताबरोबर फिरायला लागली. त्यांनी झाकली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. तक्त्याची कणीक तासभर पुढे होती.

दहा वाजता दोन्ही झाकणं काढली. तक्त्याची कणीक परातीच्या तळाशी, जरा सैलावल्यासारखी, बाकी जशीच्या तशी. काकूंची परातीच्या काठाला आलेली. बोटाने दाबली तर खळगा सावकाश भरला.

पुतण्याने दोन्हींत बोट घालून बघितलं. परत बघितलं. मग तडक बाहेर गेला आणि यीस्ट पुरवणाऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता, पण पुरवठेदाराचा आवाज जन्मजात स्पीकरवरच होता.

"गोड कणकेत? अहो, साखर मैद्याच्या दहा टक्क्यांवर गेली की हे साधं इन्स्टंट दमतं! तुमची तर वीस टक्के. त्याला साखर सोसणारं वेगळं यीस्ट मिळतं. ते नसेल तर पाऊणपट करू नका, तीसेक टक्के वाढवून घाला आणि वेळ द्या, नाहीतर आधी आंबवण करा. तुम्ही विचारलंच नाहीत!"

साठाचे तीस टक्के वाढवले की अठ्ठ्याहत्तर. म्हणजे फिरून काकूंच्या ऐंशीपाशीच. हा हिशेब पुतण्याने मनात केला असावा, कारण आत आला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत्या.

बन वळले, पुन्हा फुलले, भट्टीत गेले. बारा वाजता वसतिगृहाच्या बाई आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "आज पण नसतील तर सरळ सांगा." काकूंनी एक गरम बन फोडून त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी खाल्ला. दुसरा मागितला. मग म्हणाल्या, "दर शुक्रवारी दीडशे करा."

तक्त्याची कणीक मेली नव्हती. दमली होती एवढंच. दुपारी चारच्या सुमाराला तीही चढली, पण तोवर बाईंची गाडी वसतिगृहात पोचून मुलींनी बन फस्तही केले होते.

जाऊबाई गल्ल्यावरूनच म्हणाल्या, "जमलं म्हणायचं एकदाचं." त्यांच्याकडून याहून जास्त कुणाला कधी मिळालेलं नव्हतं. काकूंनी तेवढ्यावर भागवलं नाही.

"जाऊबाई, हात गार म्हणाला होतात."

"बरं, म्हणाले होते."

"मग आता काय म्हणता?"

जाऊबाईंनी गल्ल्याचा खण उगाच उघडला आणि बंद केला. "गरम आहेत," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बेकरी झाडून झाली तेव्हा पुतण्या कोरा कागद आणि पेन घेऊन आला. तक्ता त्याने भिंतीवरून काढून पावाच्या टेबलासमोर लावला होता. कारखान्याला नको म्हणून कळवलंही होतं, असं त्याने सांगितलं. मग जरा घुटमळला.

"काकू, गोड कणकेचं सगळं नीट सांग ना. ग्रॅममध्ये, मिनिटांत. मी लिहून घेतो. म्हणजे कसं, तू नसलीस तरी कुणीही करू शकेल."

तो हे भाबडेपणाने म्हणाला की आईने शिकवून पाठवलं म्हणून, ते काकूंना ओळखता आलं नाही. दोन्ही असेल. बुधवारी त्यांना याच वाक्याची भीती वाटली असती. सगळं कागदावर उतरलं की उतरवून देणाऱ्याची गरज काय? भट्टीवाला राख ओढता ओढता थांबला. काकू काहीतरी सणसणीत बोलतील म्हणून त्याने कान टवकारले.

काकूंनी हात पुसले आणि स्टूल पुढे ओढलं, पुतण्यासाठी. "लिही. चार किलोंपैकी दीड किलो मैदा, साठ ग्रॅम यीस्ट, कोरडंच. कोमट दूध. साखर दोन चमचे, जास्त नाही. चाळीस मिनिटं. मधे खचायला लागलं की समज तयार आहे, घड्याळ नंतर बघ. मग उरलेला मैदा, दूध, अंडी, मीठ. साखर दोनदा. लोणी शेवटी. एकदम घालायची घाई असेल तर साठ नको, ऐंशी, आणि दुपारची वाट बघायची तयारी ठेव. जुनं दाणेदार यीस्ट कधी मिळालं तर ऐंशी, आणि त्याला मात्र दहा मिनिटं गरम पाणी. काही लपवलेलं नाही. वाचून कळलं नाही तर विचार, परत सांगेन."

पुतण्याने सगळं लिहून घेतलं, खाली रेघ मारली. "थँक्यू, काकू. मग सोमवारी मी करून बघू? तू जरा बसून—"

"करून बघ की. पावाच्या टेबलावर." काकूंनी मैद्याचं पोतं आपल्या बाजूला ओढून घेतलं आणि उद्याचा मैदा चाळायला सुरुवात केली. "कागद तुला दिला. टेबल दिलेलं नाही. आता बाजूला हो, उजेड अडतोय."